शंभरातल्या चौऱ्याण्णव जणी

जाहिरात चौथ्यांदा नाकारली गेली तेव्हा मी टेबलावर असा हात आपटला की चहाचा कागदी कप कलंडून कीबोर्डात गेला. पहिल्या तीन वेळा मी फेसबुकवर जाहिराती तपासणाऱ्या त्या मशीनला शिव्या घातल्या होत्या. चौथ्या वेळी कीबोर्ड पुसता पुसता जाहिरात नीट वाचली. स्वतः लिहिलेलं माणूस सहसा वाचत नाही.

ती जाहिरात अशी होती:

'रंगामुळे लग्न अडलंय? तुमच्या काळवंडलेल्या त्वचेवर एकच इलाज, निथळ क्रीम! फक्त २१ दिवसांत गोरा, डागविरहित चेहरा. शंभरातल्या ९४ महिलांनी अनुभवलं!' खाली दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आणि त्याखाली: 'आरशात बघायची मला लाज वाटायची. आता घरचेच विचारतात, ही आपलीच नवसी का? – नवसी, वय २३, पालघर.'

वाचलंत? मग आता खुशाल मला चार शब्द सुनवा. हे सगळं मी लिहिलं होतं. मी, समिधा सावे, राहणार कोळगाव, बी.कॉम. ते दोन फोटोसुद्धा एकाच बाईचे, पैसे भरून साइटवरून घेतलेले. एक तसाच ठेवला आणि दुसरा मी कॉम्प्युटरवर काळा केला. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी डबासुद्धा चवीने खाल्ला होता.

आमची कंपनी तारापूर एमआयडीसीत आहे. खाली कारखाना, वर ऑफिस. खाली क्रीम बनते, डब्या भरल्या जातात, बायका खोक्यांत पॅक करतात. वर मी बसते आणि फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती टाकते. मालक धर्मेशभाई. माणूस वाईट नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. आता सांगत नाही. पण त्याच्याविषयी पुढे येईलच.

निकाल वाचून मी धर्मेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "चौथ्यांदा गेली. आणि या वेळी अकाउंटवर इशारा आलाय. आणखी एकदा असं झालं तर अकाउंट बंद होईल."

"अरे समिधाबेन, मग रिव्ह्यू माग ना!"

"रिव्ह्यू मागायचा तो मशीनची चूक झाली असेल तर. इथे चूक आपली आहे. 'तुमची काळवंडलेली त्वचा' असं वाचणाऱ्याला म्हणता येत नाही. समोरच्याच्या अंगात, रंगात काय खोट आहे ते आपल्याला ठाऊक आहे असं दाखवायची मनाई आहे. आधी-नंतरचे फोटो चालत नाहीत. एकवीस दिवसांत गोरा, हा अशक्य दावा. आणि इलाज म्हटलं की ते औषध झालं. आपलं लायसन्स कॉस्मेटिकचं आहे."

"तो एक काम कर. 'गोरा'मध्ये टिंब टाक. गो टिंब रा. मशीनला कळणार नाही, माणसाला कळेल."

"तेच तुम्ही गेल्या आठवड्यात माझ्या लॉगिनवरून केलंत ना? आणि शब्द फोटोच्या आत लिहिलेत. मशीन फोटोतलंही वाचतं, धर्मेशभाई. वर त्याला पळवाट काढणं म्हणतात, ते चुकीच्या दाव्यापेक्षा मोठं पाप. इशारा त्याचाच आला."

त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "बघ. मला नियम नको शिकवू. दिवाळीच्या ऑर्डरी ऑनलाइनच येतात. सोमवारपर्यंत जाहिरात चालू नाही झाली तर दोन नंबरची पॅकिंग लाइन बंद. चौदा बायकांना मी बसवून नाही ठेवू शकत. तुझ्या नियमांनी त्यांचं पोट भर."

असा हा माणूस. खोटं त्यांचं, आणि चौदा बायकांचं ओझं माझ्या डोक्यावर. मी दार जरा जोरातच लावून बाहेर आले.

हातात उरलेला शुक्रवार आणि शनिवार. मी जाहिरातीतलं एकेक वाक्य कागदावर उतरवलं आणि प्रत्येकासमोर लिहिलं, पुरावा काय? असं खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. 'लग्न अडलंय' यावर काट. आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांच्या संहितेतही सरळ लिहिलंय, की सावळ्या रंगामुळे कुणाचं लग्न किंवा नोकरी अडते असं दाखवू नका. 'इलाज' काट. 'गोरा' काट. फोटो काट. उरलं काय, तर शंभरातल्या चौऱ्याण्णव आणि नवसी. म्हटलं, चला, हे तरी खरं आहे. चाचणी झाली होती, आकडा होता, बाई होती. त्यावरच नवी जाहिरात उभी करू.

चाचणीची फाइल कृष्णकांत काकांकडे असते. काका आमचे केमिस्ट. आयुष्य रंगांच्या कारखान्यात गेलं, निवृत्तीनंतर इथे आले. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते फारसं बोलतच नाहीत.

"काका, या क्रीमने त्वचा उजळते?"

"ग्लिसरीन भरपूर आहे. ओलावा धरते. उत्तम मॉइश्चरायझर आहे."

"उजळते का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "उजळपणासाठी जे घालतात ते अर्धा टक्का आहे. डबीवर नाव छापण्यापुरतं."

"आणि चाचणी?"

"माझी चाचणी एकच. बाहेरच्या लॅबमधून पॅच टेस्ट करून घेतली. चोवीस जण, त्वचेचे डॉक्टर देखरेखीला. खाज नाही, लाली नाही. त्यातून इतकंच सिद्ध होतं की क्रीम बोचत नाही. रंगाचा काही संबंध नाही." मग त्यांनी खालच्या कप्प्यातून दुसरी फाइल काढली आणि माझ्याकडे न बघता टेबलावर सरकवली. "ती चौऱ्याण्णववाली माझी नाही. ती वरून आली."

आत बत्तीस फॉर्म होते. त्यांतले तीस 'होय', दोन 'नाही'. बत्तिसातले तीस म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव, हिशेब बरोबर. पण बत्तीसच्या बत्तीस फॉर्मांवर एकच निळं पेन आणि एकच अक्षर. 'त्वचा उजळली का?' होय. 'आत्मविश्वास वाढला का?' होय. प्रत्येक 'होय'चा काना सारखाच तिरका. ते अक्षर मी रोज बघते. माझ्या रजेच्या अर्जांवर याच अक्षरात 'नामंजूर' लिहिलेलं असतं. खाली प्रत्येकीचा अंगठा. अकरा नंबरचा फॉर्म नवसीचा.

माझे कान तापले. हा फॉर्म मी मे महिन्यात बघितला होता! संपूर्ण फाइल नव्हे, फक्त हा एक. धर्मेशभाईंनी दिला होता आणि म्हणाले होते, "हिला जरा इमोशनल कर." आणि मी केलं. 'लाज वाटायची' हे फॉर्मात कुठेच नव्हतं. ते माझ्या डोक्यातून आलं होतं. नाव खरं आहे, बाई खरी आहे, एवढं मला पुरलं. ती खरी बाई आपल्या पायाखालच्याच मजल्यावर खोकी चिकटवते, जाऊन विचारू तरी, असं मला एकदाही वाटलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवसीला मी ओळखत होते ती नमस्कारापुरती. जव्हारकडच्या पाड्यावरची. पाऊस संपला की तिच्या घरचे सगळे वीटभट्टीवर जायचे, तीही जायची. दोन वर्षांपासून बोईसरला खोली घेऊन राहते, ती या लाइनच्या जिवावर. मी शेजारी बसले तशी तिने डबा पुढे केला. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी.

"घ्या ना ताय. तिखट हाय पण."

मी घास घेतला आणि विचारलं, "नवसी, जानेवारीत तुम्हांला एकेक डबी दिली होती ना, वापरून बघायला? कशी वाटली?"

"बेस हाय की! टाचा एकदम लोण्यावानी झाल्या."

"टाचा?"

ती हसायला लागली, बाकीच्याही. "थंडीत भेगा पडतात ना ताय. रगत येतं चालताना. आमी सगळ्यांनी टाचांनाच लावली. या सुकाने सासूचे टाचांना लावली, सासू आता हिला चा करून देते."

सुका म्हणाली, "खोटी बोलते. एकदाच दिला."

"आणि चेहऱ्याला?" मी विचारलं.

"चेहऱ्याला कशाला? चेहऱ्याला कुठं भेगा पडतात?" नवसीला खरोखरच प्रश्न पडला होता.

सांगते, मला त्या क्षणी हसावं की रडावं कळेना. बत्तीस बायका, बत्तीस डब्या, बत्तीस जोड्या टाचा. आणि वर फाइलीत तीस चेहरे उजळलेत!

मी विचारलं, "मग फॉर्म कुणी भरला?"

"कंचा फॉर्म?"

"ज्यावर अंगठा घेतला."

तिचं हसू गेलं. "त्यो कोरा कागुद होता. सुपरवायजर बोलला, डबी मिळाली याचा अंगठा द्या. मी बोलले मना सही येतं. आश्रमशाळेत दहावी शिकले मी. तर बोलतो, सही नको, लाइनीत उभी ऱ्हा, अंगठा दे." तिने डब्याचं झाकण लावलं. "काय लिवलाय त्या कागदावर?"

आणि मी, चार माणसांत तोंड वाजवणारी समिधा सावे, म्हटलं, "काही नाही. बघते मी." आणि जिना चढून वर आले. भित्री! खाली बसून सांगायचं होतं, की बाई, तुझ्या नावाने मी काय काय लिहिलंय. माझ्याने झालं नाही.

मग तो सगळा राग मी कामावर काढला. शनिवारी सकाळी येऊन नवी जाहिरात लिहिली. आधी मोह झाला टाचांचाच. म्हटलं, ही तर खरी गोष्ट आहे, हीच टाकू! काकांना दाखवलं. ते म्हणाले, "टाचांवर कुणी मोजलंय? किती भेगा होत्या, किती भरल्या? तू एक खोटं काढून दुसरं अर्धं खरं घालतेस. शिवाय भेगा भरतात म्हटलंस की परत इलाज झाला." मी त्यांच्यावरही चिडले, पण काका बरोबर होते. माझ्या मनाला बरं वाटतं म्हणून तो पुरावा होत नाही. शेवटी उरलं ते एवढंच:

'निथळ क्रीम. कोरड्या त्वचेसाठी, रोजच्या वापराची. ग्लिसरीनयुक्त, ओलावा धरून ठेवते, त्वचा मऊ वाटते. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली २४ जणांवर पॅच टेस्ट केलेली. तारापूरमध्ये बनवलेली.' फोटो डबीचा आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर लावलेल्या क्रीमचा. हात माझाच, काहीही न सुधारता. जाहिरातीवर टिचकी मारली की जी वेबसाइट उघडते तिथलंही 'गोरा' आणि 'चौऱ्याण्णव' काढून टाकलं, कारण जाहिरात साधी आणि आतल्या पानावर तमाशा, तरीही ती नाकारतात. ते पानही तपासलं जातं.

धर्मेशभाईंनी वाचलं आणि नाक मुरडलं. "हे काय? हे तर डबीच्या मागचं वाचतोय असं वाटतं. यात दुखतं कुठे माणसाला?"

"दुखवायचं नाहीच आहे."

"दुखल्याशिवाय कोण क्रीम घेतो? असं कर. बाकी तुझं राहू दे. नवसीचं ते राहायलाच पाहिजे. ते आपण नाही बोलत, ती बोलते. तिचा अनुभव आहे. त्याला कोण काय म्हणणार?"

"अहो, ती बोललीच नाहीये! आणि बोलली असती तरी तिच्या तोंडून केलेला दावा आपलाच दावा. पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो."

"बोलली नाही ना? मग आता बोलेल." त्यांनी इंटरकॉम उचलला. "नवसीला वर पाठव."

मला वाटलं दम देतायत. पण त्यांनी खरोखर रिंगलाइट लावली, मोबाइल स्टँडवर बसवला, आणि माझीच जुनी ओळ मोठ्या अक्षरांत छापून काढली. नवसी हात पुसत आली. धर्मेशभाई एकदम गोड झाले. "ये बेटा, बस. दोन लाइन बोलायच्या आहेत. वाचून बोललीस तरी चालेल. तुमच्या लाइनसाठीच आहे. हे चाललं तर दिवाळीपर्यंत काम, नाही चाललं तर सगळ्या घरी."

ऐकलंत? हे असं सांगायचं. म्हणजे तिने नाही म्हटलं तर तिच्यामागे तेरा जणी घरी बसणार, आणि ती परत वीटभट्टीवर. मी म्हटलं, "धर्मेशभाई, हे बंद करा," पण माझा आवाज हवा तेवढा चढला नाही.

नवसीने कागद घेतला. आधी मनात वाचला. ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "ह तर मी वाचलाय."

"कुठे?" मी विचारलं. जाहिरात तर चारही वेळा नाकारली गेली होती.

"रूपेशचे मोबाइलवर. माजा भाऊ, पालघरला मेडिकलमधे हाय. त्यांच्या ग्रुपवर आला. बोलला, ताये, तुजा नाव हाय, गाव पालघर हाय, वय बी तुजाच हाय. त्याचे दुकानातला कामवाला रोज इचारतो त्याला, ही तुजीच भन काय, आरशाला भिते ती? मी बोलले, दुनियेत नवसी काय एक हाय? दुसरी कोन असंल." ती माझ्याकडे वळली. "मीच हाय ना ताय?"

मी धर्मेशभाईंकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. "डीलर ग्रुपवर टाकलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोण नाकारतो?"

नाकारलेली जाहिरात! जी मशीनसुद्धा आत घेईना, ती या माणसाने तीनशे दुकानदारांना वाटली होती. इतके दिवस मी समजत होते, की चला, कुणी वाचली तर नाही.

नवसीने कागद वर धरला. "ह कोनी लिवला?"

धर्मेशभाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना काय, ते सुटले.

"मी," मी म्हटलं.

"तुमी?"

"मी लिहिलं. माझ्या मनाने. तुला न विचारता."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने कागद टेबलावर ठेवला, नीट, कडेला कड लावून. "मी ह नाय बोलनार. भट्टीवर जाईन. विटा उचलन. पन ह नाय बोलनार." आणि ती निघाली.

तेव्हा माझा आवाज चढला. खालच्या लाइनवर ऐकू गेला म्हणे. "धर्मेशभाई, लाज वाटत नाही? कोऱ्या कागदावर अंगठे घेता, बत्तीस फॉर्म स्वतःच्या हाताने भरता, आणि आता त्या पोरीला कामाची भीती घालून खोटं वदवता? टाका ती जाहिरात! आत्ता टाका! पण अकाउंट माझ्या प्रोफाइलला जोडलंय, ते मी काढून घेते. नवं अकाउंट उघडा, बंदीतून निसटायला उघडलं म्हणून तेही बंद होईल. मग दोन नंबरची लाइन मी नाही, तुम्ही बंद केलीत असं मी खाली जाऊन सांगेन. आणि ते बत्तीस फॉर्म माझ्याकडे आहेत. कुणी तक्रार करून पुरावा मागितला, की तुमचं अक्षर सगळ्यांना दाखवते!"

फॉर्म खरं तर काकांच्या कप्प्यातच होते. पण धर्मेशभाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पाणी प्यायलं. मोबाइल स्टँडवरून काढला. म्हणाले, "टाक तुझं ते डबीच्या मागचं."

मी टाकलं. दुपारी चारच्या आत मंजूर झालं. काही नाही, साधं हिरवं टिंब. ऑर्डरीही यायला लागल्या. धर्मेशभाईंच्या मनासारख्या नाहीत, पण लाइन चालेल एवढ्या. सोमवारी चौदाच्या चौदा जणी कामावर होत्या. धर्मेशभाई मला म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, होईल!" या माणसाचं काय करावं, सांगा तुम्हीच.

सोमवारी सुट्टीत नवसी स्वतः वर आली. उभीच राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"मना लेखी पायजे," ती म्हणाली. "कंपनीचे कागदावर. त्याच ग्रुपवर टाकायचा, जितं ते टाकलं. रूपेशला दुकानात मान वर करून उभा ऱ्हायचा हाय."

"देते. आत्ता देते," मी म्हटलं आणि लिहायला बसले. हे तर माझं रोजचं काम. कंपनीच्या लेटरहेडवर झरझर लिहिलं, 'काही तांत्रिक कारणाने आमच्या एका जाहिरात-मसुद्यात कु. नवसी यांचे नाव अनवधानाने आले. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' स्क्रीन तिच्याकडे वळवली.

तिने वाचलं. बोट प्रत्येक शब्दाखालून गेलं. "तांत्रिक कारन मंजे?"

"म्हणजे... मशीनमुळे वगैरे."

"मशीनने लिवला?"

"नाही."

"मग ह खोटा हाय. आनि गैरसोय नाय झाली माजी. गैरसोय मंजे नळाला पानी नाय आला. दुसरा लिवा."

माझ्या कानशिलापर्यंत लाज आली. दुसऱ्यांदा लिहिलं, 'चाचणीतील प्रतिसाद नोंदवताना झालेल्या चुकीमुळे.' तिने तेही वाचलं. "चुकून नाय झाला. तुमी बोललात ना, मनाने लिवला म्हनून? मनाने लिवला मंजे चूक नाय."

"नवसी, कंपनीच्या कागदावर असं..."

"कंपनीचेच कागदावर आमचे अंगठे हाइत."

पुसलं सगळं. तिसऱ्यांदा लिहिताना मला पाऊण तास लागला. इतका वेळ मी आजवर कुठल्याही जाहिरातीला दिलेला नाही. लिहिलं:

'निथळ क्रीमच्या जाहिरातीत नवसी यांच्या नावाने छापलेली वाक्यं त्यांची नाहीत. ती मी, समिधा सावे हिने, त्यांना न विचारता लिहिली. ही क्रीम त्यांनी चेहऱ्याला कधी लावलेली नाही. त्यांचा फॉर्म कंपनीने कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन नंतर भरला. शंभरातल्या ९४ महिलांचा आकडा खोटा आहे. या क्रीमने रंग बदलत नाही. नवसी यांचा चेहरा आहे तसाच सुंदर आहे.'

शेवटचं वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते. खरं सांगते, मला वाटलं, हे वाचून ती मला माफ करील. धर्मेशभाईंना मी सही करायला लावणार होते, नाहीतर राजीनामा ठेवणार होते. तो खिशात तयार होता. मी स्क्रीन वळवली आणि थांबले.

नवसीने सावकाश वाचलं. पहिल्या ओळीला मान हलवली. दुसरीला हलवली. आकड्यापाशी थांबून परत वाचलं आणि पुन्हा मान हलवली. मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर जाऊन टेकलं.

"ह काढा," ती म्हणाली.

"का गं? हे तर खरं आहे. चांगलंच लिहिलंय."

"खरा असंल नायतर खोटा असंल. माजे तोंडाचा तुमी काय नाय लिवायचा."

मी ती ओळ काढली आणि लेटरहेडवर छापून कागद तिच्यापुढे ठेवला. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पेन मागितलं, आणि खाली, मी सवयीने सहीसाठी रिकामी ठेवलेल्या जागेत, आपल्या पुऱ्या नावाची सही केली.